घड्याळातली आपत्कालीन वैद्यकीय माहिती: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बहुतेक प्रश्न ॲपल वॉचबद्दल येतात, म्हणून उत्तरंही त्याच घड्याळाला धरून आहेत. दुसरं घड्याळ असेल तर थेट प्रश्न १३ वाचा. मेनूंची नावं स्क्रीनवर दिसतात तशीच इंग्रजीत ठेवली आहेत, म्हणजे शोधताना अडणार नाही.

१. ही माहिती भरायची कुठे? घड्याळात तर टाइप करायची सोयच दिसत नाही.

माहिती भरायची फोनवर, घड्याळावर ती फक्त वाचायची. आयफोनमध्ये `Health` ॲप उघडा, वरच्या कोपऱ्यातल्या आपल्या फोटोवर टॅप करा, `Medical ID` निवडा आणि `Edit` दाबा. आजार, ॲलर्जी, औषधं, रक्तगट, वजन, उंची, भाषा आणि आपत्कालीन संपर्क असे वेगवेगळे रकाने तिथे आहेत. भरून झाल्यावर `Done` दाबलं की थोड्या वेळात तीच माहिती घड्याळावर पोचते.

त्याच पानावर `Show When Locked` नावाचा स्विच आहे. तो बंद असेल तर बाकी सगळं भरून उपयोग नाही, कारण बेशुद्ध माणसाचा पासकोड मदतीला आलेल्याला कुठून मिळणार?

२. अनोळखी माणसाला माझ्या मनगटावरच्या घड्याळात ही माहिती दिसते कशी?

घड्याळाच्या एका कडेला दोन गोष्टी असतात: फिरणारं गोल चाक आणि त्याच्याखाली लांबट, चपटं बटण. ते चपटं बटण दोन-तीन सेकंद दाबून धरलं की स्क्रीनवर स्लायडर येतात. त्यातला `Medical ID` लिहिलेला स्लायडर उजवीकडे ओढला की माहिती उघडते. पासकोड लागत नाही आणि इंटरनेटही लागत नाही, कारण माहिती घड्याळातच साठवलेली असते.

अल्ट्रा मॉडेलला दुसऱ्या कडेला आणखी एक बटण असतं. ते या कामाचं नाही. ते दाबून धरलं तर सायरनचा पर्याय समोर येतो.

३. बटण जरा जास्त वेळ दाबलं गेलं आणि घड्याळ मोठ्यांदा वाजायला लागलं. काय झालं?

माहिती बघायची आणि मदतीला फोन लावायची सुरुवात एकाच बटणाने होते. स्लायडर आल्यावरही बटण सोडलं नाही तर उलटी मोजणी आणि अलार्म सुरू होतो, आणि मोजणी संपली की आपत्कालीन सेवेला कॉल लागतो. मोजणी चालू असताना बटण सोडलं तर कॉल लागत नाही. घरच्यांना ही गोष्ट एकदा करून दाखवा: दाबा, स्लायडर दिसताच सोडा.

फार वेळा चुकून होत असेल, उदाहरणार्थ झोपेत मनगट दुमडून बटण दाबलं जात असेल, तर घड्याळाच्या `Settings` मध्ये `SOS` खाली `Hold Side Button` बंद करता येतं. त्यानंतर नुसतं दाबून धरल्याने कॉल लागणार नाही, मात्र `Medical ID` आणि कॉलचे स्लायडर दिसत राहतील. तरी माझं मत असं की वयस्कर किंवा एकट्या राहणाऱ्या माणसाच्या घड्याळात ते चालूच ठेवावं. चुकून लागलेला कॉल एक वाक्य बोलून मिटवता येतो.

४. रुग्णवाहिकेतले लोक खरंच घड्याळ बघतात का?

सगळेच बघतील असं धरून चालू नका. आल्याआल्या त्यांचं लक्ष श्वास, नाडी, रक्तस्राव आणि शुद्ध यांवर असतं. मनगट आणि गळा ते तपासतात, कारण वैद्यकीय सूचनेचं ब्रेसलेट किंवा लॉकेट तिथेच असतं. पण काळ्या पडलेल्या स्क्रीनवर आत काही आहे, याची खूण कुठेच नसते. घड्याळाची माहिती बहुतेक वेळा पाच-दहा मिनिटांनी उपयोगी पडते: कुणी नातेवाईक नाही, माणूस उत्तर देत नाही, आणि इंजेक्शन देण्याआधी ॲलर्जीबद्दल जाणून घ्यायचंय.

त्यामुळे ज्यांचा आजार पहिल्या काही मिनिटांतच उपचार बदलायला लावतो, त्यांनी घड्याळावर एकट्याने विसंबू नये. रक्त पातळ करणारं औषध घेणारे, ॲड्रिनल ग्रंथीचा आजार असल्याने वेळेत हायड्रोकॉर्टिसोन लागणारे, किंवा एखाद्या औषधाची जीवघेणी ॲलर्जी असलेले लोक यात येतात. पट्ट्यावर सरकवता येणारी कोरीव धातूची पट्टी मिळते. तिच्यावर एक ओळ आणि शेवटी ‘बाकी घड्याळात’ एवढं कोरलं की घड्याळाकडेही लक्ष जातं. बॅटरी संपली तरी पट्टी वाचता येते.

५. नक्की काय लिहायचं? मला वाटलं सगळा इतिहास टाकावा.

नाही. घड्याळाची स्क्रीन अंगठ्याएवढी आहे आणि वाचणाऱ्याकडे काही सेकंदच आहेत. कसोटी एकच ठेवा: ही ओळ वाचून समोरचा माणूस काही वेगळं करेल का? करणार नसेल तर ती काढा.

एक उदाहरण घेऊ. एकसष्ट वर्षांचे गृहस्थ आहेत. हृदयाचे ठोके अनियमित असल्याने ते अपिक्साबान ५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा घेतात. मधुमेह आहे आणि रात्री इन्सुलिन टोचतात. पेनिसिलिनने एकदा श्वास अडकला होता. शिवाय गुडघ्याची शस्त्रक्रिया, पित्ताची गोळी, ड जीवनसत्त्व, लहानपणीचा दमा आणि चष्म्याचा नंबर असं बरंच काही आहे. त्यांनी पहिल्यांदा `Medical Conditions` मध्ये सगळं एका परिच्छेदात लिहिलं होतं. पहिला शब्द ‘गुडघा’, आणि अपिक्साबान तीन वेळा बोट सरकवल्यावर दिसायचं.

आता त्यांची नोंद अशी आहे. आजारांत दोन ओळी: ‘हृदयाचे अनियमित ठोके (एट्रियल फिब्रिलेशन)’ आणि ‘मधुमेह, इन्सुलिनवर’. ॲलर्जीत: ‘पेनिसिलिन – श्वास अडकतो, चेहरा सुजतो’. औषधांत: ‘रक्त पातळ करणारे – अपिक्साबान ५ मिग्रॅ, दिवसातून दोनदा’ आणि ‘इन्सुलिन ग्लार्जिन, रात्री’. `Medical Notes` मध्ये: ‘डोक्याला मार लागल्यास लगेच स्कॅन. ऐकू कमी येते, डाव्या कानाने ऐकतात.’ शेवटी नोंद तपासल्याचा महिना आणि वर्ष. बाकी सगळं गाळलं.

ॲलर्जीपुढे काय होतं ते लिहिणं आवश्यक आहे. नुसतं ‘पेनिसिलिन’ वाचून पोट बिघडतं की जीव धोक्यात येतो ते कळत नाही, आणि वाचणाऱ्याचा निर्णय याच फरकावर ठरतो. तसंच अपिक्साबानच्या आधी ‘रक्त पातळ करणारे’ हे शब्द मुद्दाम आहेत. गडबडीत औषधाचं नाव ओळखता आलं नाही तरी ते कशासाठी आहे ते कळतं. डोक्याला मार लागलेला माणूस शुद्धीवर असला तरी त्याच्या डोक्यात हळूहळू रक्त साचू शकतं, आणि हे औषध घेणाऱ्यात तो धोका जास्त असतो. म्हणूनच स्कॅनची ओळ.

तपासल्याच्या महिन्याचं कारण वेगळं आहे. जुनी नोंद कोऱ्या नोंदीपेक्षा वाईट, कारण वाचणारा तिच्यावर विश्वास ठेवतो. तारीख असली की त्याला अंदाज येतो. औषध बदललं, थांबलं किंवा मात्रा बदलली की त्याच दिवशी नोंद बदला.

६. रक्तगट भरला की रक्त लवकर मिळतं ना?

हा गैरसमज फार पसरलेला आहे. घड्याळात, कार्डावर किंवा हातावर गोंदून लिहिलेल्या रक्तगटावर विश्वास ठेवून कुठलंही रुग्णालय रक्त चढवत नाही. ते स्वतः नमुना तपासतात, आणि तेवढाही वेळ नसेल तर ओ गटाचं रक्त देतात. रकाना आहे म्हणून भरलात तर हरकत नाही, पण तो शेवटचा समजा.

७. औषधाचं नाव ब्रँडचं लिहू की मूळ नाव? आणि कोणत्या भाषेत?

मूळ नाव लिहा. एकाच औषधाचे ब्रँड देशादेशांत वेगळे असतात, आणि क्वचित एकाच नावाने दोन देशांत वेगळी औषधं विकली जातात. मूळ नाव गोळीच्या पट्टीवर ब्रँडखाली छापलेलं असतं.

भाषेचं म्हणाल तर तुम्ही जिथे असाल तिथले मदतनीस वाचू शकतील ती. घरची भाषा आणि तिथली भाषा वेगळी असेल तर तिथली निवडा. प्रवासाला निघताना नोंद त्या देशाच्या भाषेत किंवा इंग्रजीत करा आणि परतल्यावर बदला. एकाच रकान्यात दोन भाषा एकाखाली एक लिहिल्या तर वाचणाऱ्याला दुप्पट सरकवावं लागतं, त्यामुळे ते मी सुचवत नाही. तुम्ही स्वतः कोणती भाषा बोलता ते सांगायला वेगळा रकाना आहे, तो मात्र भरा.

८. आपत्कालीन संपर्क म्हणून कुणाला ठेवायचं?

आधी दोन गोष्टी तपासा: तो माणूस अनोळखी नंबरचा फोन उचलतो का, आणि त्याला तुमचे आजार माहीत आहेत का? जवळचं नातं असूनही दोन्ही उत्तरं ‘नाही’ असतील तर तो संपर्क कामाचा नाही. प्रश्न ५ मधल्या गृहस्थांच्या पत्नीला फोनवर नीट ऐकू येत नाही, म्हणून यादीत मुलगी पहिली आणि शेजारी राहणारा भाऊ दुसरा. दोघे एकाच घरात राहत नाहीत हेही बरं. एकाच घरातले दोन संपर्क अनेकदा एकाच वेळी एकाच गाडीत असतात.

संपर्क फोनच्या `Contacts` मधून निवडावा लागतो आणि निवडताना नातंही विचारलं जातं. पोलीस किंवा रुग्णवाहिकेचा नंबर इथे टाकता येत नाही, त्याची गरजही नाही. कुणाचा नंबर बदलला तर `Contacts` दुरुस्त केल्यावर `Medical ID` उघडून तिथेही नवा नंबर दिसतो का ते डोळ्यांनी बघा.

९. या लोकांना फोन आपोआप जातो का?

फोन नाही, मेसेज जातो. घड्याळावरून आपत्कालीन कॉल झाला आणि तो संपला की तुम्ही रद्द केलं नाही तर संपर्कांना तुमचं ठिकाण कळवणारा मेसेज पाठवला जातो. `Location Services` बंद असेल तर तेवढ्यापुरतं चालू केलं जातं. कुणी नुसतं `Medical ID` उघडून वाचलं तर मात्र कुणालाच काही कळवलं जात नाही. हा फरक घरच्यांना माहीत असायला हवा. मेसेज आला नाही म्हणजे सगळं ठीक, असं समजू नये.

१०. पडल्यावर घड्याळ स्वतःहून मदत मागवतं म्हणतात. मग ही माहिती भरायची कशाला?

कारण मदत येणं आणि आलेल्या मदतीला तुमच्याबद्दल काही माहीत असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पडणं ओळखण्याची सोय सिरीज ४ पासूनच्या आणि एसई घड्याळांत आहे. जोरात पडल्याचं कळलं की घड्याळ मनगटावर थाप देतं आणि आवाज करतं. सुमारे एक मिनिट हालचाल झाली नाही तर ३० सेकंदांची मोजणी सुरू होते, आणि ती संपली की आपत्कालीन सेवेला कॉल जातो. त्या कॉलवर रेकॉर्ड केलेला आवाज सांगतो की अमुक अक्षांश-रेखांशावर माणूस जोरात पडलाय. तुम्ही अपिक्साबान घेता हे तो आवाज सांगत नाही.

सेटअप करताना वय ५५ किंवा जास्त भरलं असेल तर ही सोय आपोआप चालू होते, त्याहून लहान असाल तर स्वतः करावी लागते. १८ वर्षांखालच्यांना ती मिळत नाही. घड्याळ मनगटावर आहे का ते ओळखणारं `Wrist Detection` बंद असेल तर घड्याळ स्वतःहून कॉल करत नाही. दागदागिने किंवा गोंदणामुळे ते बंद ठेवणारे लोक इथे फसतात. आणि हळूहळू भिंतीला टेकत खाली बसणं, म्हणजे मूर्च्छा येताना बरेचदा होतं तसं, घड्याळाला पडणं वाटेलच असं नाही.

११. फोन घरी राहिला किंवा रेंज नाही. मग?

माहिती वाचता येते, कॉल लागेलच असं नाही. कॉलसाठी घड्याळाजवळ आयफोन हवा, किंवा घड्याळ स्वतःच्या मोबाइल जोडणीचं हवं, किंवा ओळखीच्या वायफायवरून कॉल करण्याची सोय आधी चालू केलेली हवी. बॅटरी पूर्ण संपली तर काहीच उघडत नाही. पोहताना `Water Lock` लावलेलं असेल तर स्क्रीन बोटाला दाद देत नाही. गोल चाक दाबून धरलं की ते सुटतं. जुन्या आवृत्तीत चाक फिरवावं लागे.

१२. `Health` मध्ये औषधांची यादी आधीच भरली आहे. तीच घड्याळावर दिसेल ना?

आपोआप नाही. `Medical ID` हा हाताने भरायचा वेगळा फॉर्म आहे. ॲपमधल्या बाकी नोंदी बदलल्या म्हणून तो बदलत नाही. यादीतून एखादं औषध काढलंत तरी ते `Medical ID` मध्ये तसंच राहतं. ‘मी तर अपडेट केलं होतं’ म्हणणाऱ्यांच्या घड्याळात जुनी माहिती सापडते ती बहुतेकदा यामुळे.

१३. माझं घड्याळ दुसऱ्या कंपनीचं आहे.

सॅमसंगच्या घड्याळात `Safety and emergency` विभागात `Medical info` भरता येते. इतरांत `Emergency`, `Safety` किंवा `Medical` असा शब्द जोडीच्या फोन ॲपमध्ये शोधा. गार्मिनमध्ये अपघात ओळखून मेसेज पाठवण्याची सोय आहे, पण ती तुमच्या ठरवलेल्या संपर्कांना कळवते, आपत्कालीन सेवेला नाही, आणि त्यासाठी बहुतेक मॉडेलांना जोडलेला फोन लागतो. म्हणजे तो मेसेज वाचणारा माणूस जागा असला पाहिजे.

कुठलंही घड्याळ असो, परीक्षा एकच: ते कुलूपबंद करा, कधी न वापरलेल्या माणसाच्या हातात द्या आणि ‘यात माझी ॲलर्जी शोध’ एवढंच सांगा. अर्ध्या मिनिटात सापडली नाही तर प्रश्न ४ मधल्या कोरीव धातूच्या पट्टीवर भर द्या.

१४. बटण दाबलं तर `Medical ID` चा स्लायडर येतच नाही.

आधी फोनवर `Show When Locked` बघा (प्रश्न १). ते चालू असेल तर फॉर्म खरंच भरून जतन झालाय का ते बघा, कारण रिकाम्या फॉर्मचा स्लायडर दिसत नाही. दोन्ही ठीक असेल तर फोन आणि घड्याळ जवळ ठेवून दोन्ही बंद-चालू करा, आणि घड्याळ मनगटावरून काढून, म्हणजे कुलूपबंद अवस्थेत, पुन्हा बघा.

१५. घड्याळ चोरीला गेलं तर माझे आजार कुणीही वाचेल!

हो, वाचेल. ही माहिती मुद्दामच पासकोडच्या संरक्षणाबाहेर ठेवलेली आहे, नाहीतर ती वाचताच आली नसती. म्हणून घरचा पत्ता, ओळखपत्राचा किंवा विम्याचा नंबर इथे लिहू नका. लपवावासा वाटणारा आजार असेल तर प्रश्न ५ ची कसोटी लावा. मानसिक आजाराचं नाव न लिहिता लिथियम घेत असल्याचं लिहिलं तरी डॉक्टरला उपचारासाठी लागणारं कळतं, मात्र नाव वाचून त्याला आजाराचाही अंदाज येईल. कुणापासून काय लपवायचं ते आधी ठरवा. मी स्वतः अशा वेळी औषध लिहितो, आजार लिहीत नाही.

१६. ‘मला कृत्रिम श्वासावर ठेवू नका’ असं `Medical Notes` मध्ये लिहिलं तर चालेल का?

त्यावर विसंबू नका. असा नकार बहुतेक ठिकाणी ठरावीक नमुन्यात, डॉक्टरच्या सहीने लागतो. घड्याळातली ओळ कुणी लिहिली, कधी लिहिली हे तिथे आलेल्याला कळायचा मार्ग नाही, त्यामुळे ते उपचार सुरू करतील आणि तेच बरोबर आहे. सही केलेला कागद असेल तर `Medical Notes` मध्ये तो कुठे आहे आणि कुणाकडे आहे एवढं लिहा, आणि तो माणूस आपत्कालीन संपर्कांत पहिला ठेवा.